नऊ रकाने कशासाठी?

‘मोफत मार्गदर्शिका मिळवा, फक्त तुमचा ई-मेल द्या’ असे सांगणारे पान म्हणजे एक व्यवहार असतो. पैसे हातात पडत नाहीत म्हणून त्याला कुणी व्यवहार म्हणत नाही, पण वाचक तिथे आपला पत्ता देतो, वेळ देतो आणि उद्यापासून फोन सुरू होतील ही धास्तीही पत्करतो. त्याच्या बदल्यात त्याला काय मिळणार हे पानाने नेमके सांगितले पाहिजे आणि जेवढे देणार तेवढ्यापुरतेच मागितले पाहिजे. अशा कितीतरी पानांवर हा मेळ बसलेला नसतो. मथळा ‘फक्त ई-मेल’ म्हणतो आणि खाली सरकावे तसे रकाने वाढत जातात. हे दुरुस्त करणे अवघड नाही. फक्त त्याची सुरुवात अर्जाच्या रंगरूपापासून करून चालत नाही. जे द्यायचे आहे तिथून ती करावी लागते.

नमुन्यादाखल एक नेहमीचे पान घेऊ. महाराष्ट्रातल्या असंख्य गृहनिर्माण संस्थांच्या इमारतीखालची जमीन अजून संस्थेच्या नावावर नाही. विकासकाने मुदतीत अभिहस्तांतरण करून दिले नाही, तर १९६३ च्या सदनिका अधिनियमाच्या, म्हणजे ‘मोफा’च्या, कलम ११ खाली संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडे, अर्ज करता येतो. ही सोय २००८ च्या दुरुस्तीने आली. सरकारी कागदावर तिचे नाव मानीव अभिहस्तांतरण. सोसायटीच्या सभेत सगळे डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात. हे काम करून देणारी सल्लागार कार्यालये आहेत आणि त्यांच्या पानांवर ठरलेला मजकूर दिसतो: ‘डीम्ड कन्व्हेयन्सची संपूर्ण मार्गदर्शिका, मोफत!’ खाली अर्ज: पूर्ण नाव, ई-मेल, मोबाइल, संस्थेचे नाव, संस्थेचा पत्ता, सदनिकांची संख्या, तुमचे पद, विकासकाचे नाव, काम कधी सुरू करायचे आहे. नऊ रकाने, नऊही सक्तीचे, आणि शेवटी ‘सबमिट’.

नऊ रकाने भरल्यावर मिळते काय? वीस-बावीस पानांची पीडीएफ. पहिली पाने कायद्याच्या इतिहासाची, मधली अभिहस्तांतरणाचे फायदे सांगणारी, शेवटची कार्यालयाच्या सेवांची. कागदपत्रांची यादी मध्येच कुठेतरी, आणि तीही सर्वांना सरसकट लागू पडेल अशी. वाचकाने संस्थेचा पत्ता, सदनिकांची संख्या, विकासकाचे नाव लिहिले. त्यातले एक अक्षरही या पीडीएफच्या कोणत्याही पानावर उमटलेले नाही. म्हणजे हे प्रश्न वाचकासाठी नव्हतेच, ते कार्यालयाच्या फोन करणाऱ्या माणसासाठी होते. वाचकाला हे कळायला वेळ लागत नाही, आणि कळल्यावर त्या कार्यालयाच्या पुढच्या प्रत्येक शब्दाकडे तो संशयानेच पाहतो.

आता हे पान नव्याने मांडू. पहिले काम अर्जाला हात न लावता करायचे: मार्गदर्शिका उघडून बसायचे आणि वाचकाच्या हातात नेमके काय पडणार ते एका वाक्यात लिहायचे. ‘संपूर्ण माहिती’ हे उत्तर होत नाही, कारण ती मिळाली की नाही हे वाचकाला तपासता येत नाही. ज्या सचिवाला येत्या रविवारी समितीसमोर उभे राहायचे आहे त्याला काय हवे असते? कोणते कागद लागतात, ते कोणत्या कचेरीत मिळतात आणि एखादा मिळाला नाही तर काय करायचे. एवढे दोन पानांत बसते. त्यात संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, सदनिकांचे नोंदणीकृत करारनामे आणि सूची क्रमांक २ येते. जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक येते, महापालिकेचा मंजूर नकाशा येतो, विकासकाला पाठवलेली नोटीस येते. प्रत्येकासमोर कचेरीचे नाव लिहिता येते: सूची दोनसाठी दुय्यम निबंधक, मालमत्ता पत्रकासाठी नगर भूमापन, नकाशासाठी महापालिकेचा बांधकाम परवानगी विभाग आणि तिथून मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. ही दोन पाने त्या बावीस पानांपेक्षा वाचकाच्या जास्त उपयोगाची आहेत, आणि ती आधीच्या पीडीएफमध्येच दडलेली होती.

मग मथळा आपोआप ठरतो: ‘डीम्ड कन्व्हेयन्सच्या अर्जाला कोणते कागद लागतात आणि ते कुठे मिळतात: दोन पानी यादी, ई-मेलवर.’ यात काय मिळणार, किती मिळणार आणि कुठे मिळणार हे तिन्ही सांगितलेले आहे. मथळ्याखाली यादीतल्या तीन ओळी जशाच्या तशा द्याव्यात, म्हणजे उरलेली यादी कशी असेल याचा अंदाज पत्ता देण्याआधीच येतो. नमुना उघड दाखवला तर लोक तेवढ्यावरच निघून जातील, ही भीती कार्यालयांना वाटते. तीन ओळींनी ज्याचे काम भागले तो पुढे ग्राहक होणारच नव्हता. ज्याला उरलेल्या ओळी हव्यात तो मात्र आता डोळसपणे पत्ता देईल.

दुसरे काम अर्जाचे. एका कागदावर डाव्या बाजूला रकान्यांची नावे लिहायची आणि प्रत्येकासमोर लिहायचे: हे उत्तर आपण देणार असलेल्या गोष्टीत कुठे वापरले जाणार? दोन पानी यादीसाठी ही पडताळणी करून पाहिली तर ई-मेल टिकतो, कारण यादी तिथेच जायची आहे. मोबाइल जातो, कारण यादी मोबाइलवर पाठवायची नाही. पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपचा क्रमांक मागा आणि ई-मेल सोडून द्या. एकाच गोष्टीसाठी दोन पत्ते लागत नाहीत. सदनिकांची संख्या जाते, ती फी सांगण्यासाठी हवी होती. पद जाते, कारण अध्यक्ष असो की खजिनदार, यादी तीच आहे. विकासकाचे नाव जाते, संस्थेचे नाव आणि पत्ताही जातो, यादीत त्यांचा कुठेच उपयोग नाही. ‘काम कधी सुरू करायचे’ हे तर सरळ विक्रीचे आहे. नाव ठेवावे की नाही यावर वाद होतो; पत्राच्या सुरुवातीला ‘नमस्कार अमुकजी’ लिहिता यावे म्हणून ते मागतात. नुसता ‘नमस्कार’ पुरतो. नऊतला एक रकाना उरला आणि सुरुवातीच्या मथळ्यातले ‘फक्त ई-मेल’ प्रथमच खरे झाले.

रकाना जास्त असला म्हणजे केवळ कंटाळा येतो, असे समजू नये. अस्थानी रकाना माणसाची समजूतच बदलतो. एक्स्पीडिया या प्रवास-आरक्षण कंपनीचा दाखला या क्षेत्रात नेहमी दिला जातो. पैसे भरण्याच्या अर्जात नावाखाली ‘कंपनी’ असा एक ऐच्छिक रकाना होता. काही लोकांना वाटले, इथे कार्ड देणाऱ्या बँकेचे नाव लिहायचे. ते लिहिल्यावर पुढे पत्ताही त्यांनी बँकेचाच लिहिला, आणि कार्डाच्या नोंदीशी पत्ता जुळेना म्हणून व्यवहार फसू लागले. तो एक रकाना काढल्यावर वर्षाला सुमारे १ कोटी २० लाख डॉलरचा नफा वाढला, असे कंपनीने सांगितले होते. आपल्या नमुन्यातही तीच गत होते. ‘पूर्ण नाव’ आणि लगेच खाली ‘संस्थेचे नाव’ दिसले की सचिव थबकतो. मी माझ्या नावाने भरतो आहे की संस्थेच्या? संस्थेच्या नावाने भरायचे तर समितीचा ठराव लागेल का? यादी मागायला आलेला माणूस समितीला विचारून येतो म्हणून निघून जातो आणि परत येत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. कार्यालय म्हणते, आम्हाला गंभीर लोकच हवे आहेत. लांब अर्ज म्हणजे चाळण, हौशी लोक वरच राहतात. चाळण लागते हे खरे. सल्लागाराचा तास मोलाचा असतो आणि तो कुणाला द्यायचा हे आधी कळले पाहिजे. परंतु लांब अर्ज गरजू माणूस निवडत नाही, तो मोकळा वेळ असलेला माणूस निवडतो. ज्या संस्थेचा पुनर्विकास अडला आहे तिच्या सचिवाला रात्री दहा वाजता मोबाइलवर नऊ रकाने भरायला सवड नसते. चाळण लावायचीच असेल तर ती जिथे तास द्यायचा आहे तिथे लावा, म्हणजे ‘भेट ठरवा’ या वेगळ्या पानावर. तिथे नऊ प्रश्न विचारले तरी कुणी खळखळ करणार नाही, कारण समोर माणूस बसणार आहे आणि त्याने तयारी करून यावे असे सल्ला घेणाऱ्यालाच वाटते. लांबी हा दोष नाही. कमी देऊन जास्त मागणे हा दोष आहे.

यातूनच दुरुस्तीची दुसरी वाट निघते, आणि ती बहुतेक जण विसरतात. मेळ घालण्यासाठी दरवेळी अर्जच छाटावा असे नाही. देणेही वाढवता येते. कार्यालयाला संस्थेविषयी खरोखरच काही जाणून घ्यायचे असेल, तर त्या उत्तरांनी बदलेल अशी वस्तू द्यावी. ‘तुमच्या संस्थेची स्वतंत्र यादी’ हे असे देणे झाले. त्यासाठी तीन प्रश्न लागतात आणि तिन्हींचे उत्तर यादीत दिसते. पहिला: भूखंडावर तुमची एकच संस्था आहे की अनेक? अनेक असतील तर जमिनीतला तुमचा हिस्सा किती हे ठरवणारे वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र कळीचे ठरते आणि यादीत ते वर जाते. दुसरा: जमिनीची नोंद सातबाऱ्यावर आहे की मालमत्ता पत्रकावर? त्यावरून उतारा कुठून काढायचा आणि आदेश व नोंदणी झाल्यावर फेरफारासाठी कुणाकडे जायचे, हे दोन्ही बदलते. तिसरा: इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का? नसेल तर स्वयंघोषणापत्राची वेगळी ओळ येते.

हे तीन प्रश्न आणि ई-मेल असा चार रकान्यांचा अर्ज एका रकान्याच्या अर्जापेक्षा लांब आहे, तरी वाचकाला तो जड वाटत नाही. प्रत्येक प्रश्नाखाली एक ओळ द्यावी: ‘यावरून वास्तुविशारदाचा दाखला कसा घ्यायचा ते ठरेल.’ ज्या प्रश्नाखाली अशी ओळ लिहिता येत नाही, तो काढावा. ‘माहीत नाही’ हा पर्याय तिन्ही प्रश्नांना हवा. जमिनीची नोंद कशावर आहे हे पुष्कळ सचिवांना ठाऊक नसते आणि त्यासाठीच तर ते आलेले असतात. तो पर्याय नसला की माणूस अंदाजाने खूण करतो आणि चुकीची यादी घेऊन चुकीच्या कचेरीत जातो. तो हेलपाटा आपल्या अर्जामुळे झालेला असतो.

उलट बाजूचा बेबनावही असतो आणि तोही तितकाच वाईट. पान म्हणते, ‘तुमच्या संस्थेला किती खर्च येईल ते मोफत काढून देतो’, आणि मागते फक्त ई-मेल. जाणता वाचक विचारतो, माझ्या संस्थेविषयी काहीच न विचारता खर्च काढणार कसा? मुद्रांक शुल्क आधी भरले आहे की नाही, सगळे करारनामे नोंदलेले आहेत की नाही, यावर तो आकडा अवलंबून असतो. मग येते एक सर्वसाधारण पत्रक आणि ‘खर्चासाठी फोन करा’ अशी ओळ. इथे अर्ज आखूड असूनही फसवणूक झालेली आहे. पानाचा धडधडीत खोटेपणा यातही आहे: ई-मेल देऊन पुढे गेल्यावर ‘आता एकच पायरी’ म्हणून उरलेले आठ रकाने समोर ठेवायचे. लांबी तीच, फक्त लपवलेली. अधिक माहिती हवीच असेल तर आधी यादी पाठवा, मग त्या पत्रातच एक प्रश्न विचारा. ज्याला यादी उपयोगी पडली तो आपणहून उत्तर देतो, आणि ते उत्तर सक्तीने भरलेल्या रकान्यापेक्षा खरे असते.

बटणावरचा शब्द आणि त्याखालची ओळ यांनाही हाच नियम लागू आहे. ‘सबमिट’च्या जागी ‘यादी पाठवा’ हवे, म्हणजे दाबल्यावर काय होणार ते दाबण्याआधी कळते. खाली साध्या मराठीत लिहावे: ‘या पत्त्यावर यादी पाठवू. इतर पत्रे हवी असतील तर इथे खूण करा.’ ती चौकट आधीपासून भरलेली नसावी. यादी मागणे म्हणजे दर आठवड्याचे पत्र मागणे नव्हे. त्या दोन वेगळ्या संमती आहेत.

ही आता केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ६ नुसार संमती स्वेच्छेने, विशिष्ट कारणासाठी, माहिती घेऊन आणि बिनशर्त दिलेली असावी लागते, आणि ती त्या कारणासाठी आवश्यक असलेल्या माहितीपुरतीच मर्यादित राहते. कायद्यात दिलेले उदाहरण बोलके आहे: दूरवैद्यक सेवेच्या ॲपने संपर्कयादीही मागितली आणि रुग्णाने होकार दिला, तरी सेवेला संपर्कयादीची गरज नसल्यामुळे तिच्यापुरता तो होकार धरला जाणार नाही. यादीसाठी विकासकाचे नाव आणि मोबाइल मागणारा अर्ज याच कसोटीवर उभा आहे. माहिती कशासाठी घेतो हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय देणेही या कायद्याने बंधनकारक केले आहे, म्हणजे मराठीतही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यानंतर १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. तोवर थांबून बसण्यापेक्षा आठ रकाने आज काढणे सोपे.

पान सुधारले की नाही हे कसे ओळखावे? आलेल्या अर्जांची संख्या हा कच्चा पुरावा आहे. रकाने कमी केले की ती साधारणपणे वाढते, पण वाढलेले पत्ते खरे आहेत का हे ती सांगत नाही. जुना अर्ज चुकत होता याची खूण त्याच्या नोंदवहीतच सापडते: दहाच्या दहा नवांचे मोबाइल क्रमांक, विकासकाच्या रकान्यात नुसती एक रेघ, सदनिकांच्या जागी ‘१’. माणसे खोटे लिहू लागली की समजावे, मागणे देण्यापेक्षा जड झाले आहे. नव्या अर्जानंतर पाहायचे ते असे: परत येणारी पत्रे कमी झाली का, पत्रातल्या दुव्यावर लोक जातात का, आणि उत्तरे येतात का. पत्र उघडल्याचा आकडा फार मनावर घेऊ नये, कारण ॲपलचे मेल ॲप २०२१ पासून पत्रातली चित्रे आधीच ओढून घेते आणि न उघडलेले पत्रही उघडल्यासारखे दिसते. ‘स्पॅम’ म्हणून केलेल्या तक्रारींकडे मात्र बारीक लक्ष हवे. मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांनी हे प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवावे अशी जीमेलची २०२४ पासूनची अट आहे. ज्याला यादी हवी होती आणि जाहिराती मिळाल्या, तो हेच बटण दाबतो.

जुने आणि नवे पान एकाच वेळी चालवून तुलना करावी, असा सल्ला पुष्कळ जण देतात. लहान कार्यालयाला तो लागू पडत नाही. शंभरातल्या ५ जणांऐवजी ७ जण अर्ज भरू लागले, हा फरक योगायोगाचा नाही असे भरवशाने म्हणायचे तर प्रत्येक पानाला सुमारे सव्वादोन हजार भेटी लागतात. महिन्याला चारशे लोक येत असतील तर निकालाला वर्ष जाईल. त्यापेक्षा चार-पाच संस्थांच्या सचिवांना गाठावे, त्यांच्याच फोनवर पान उघडायला लावावे आणि गप्प बसून पाहावे. मथळा वाचून काय मिळेल असे वाटले ते त्यांना सांगायला लावावे, मग यादी उघडून दाखवावी. दोन्हींत तफावत दिसली तर ती पानाची चूक. बोट कोणत्या रकान्यावर थांबले तेही तिथेच दिसते.

सल्लागार कार्यालयांनी, आणि वाचकाकडून पत्ता मागणाऱ्या प्रत्येकाने, आपल्या पानाचा हा हिशेब एकदा मांडावा. प्रत्येक रकान्यासमोर लिहावे की या उत्तरामुळे वाचकाला काय मिळाले. ज्याच्यासमोर लिहायला काही नाही तो रकाना त्याच दिवशी काढावा, किंवा त्याच्यासमोर लिहिता येईल असे काहीतरी वाचकाला द्यायला सुरुवात करावी. तिसरा मार्ग नाही.